पाठ्यपुस्तक संपल्यावर: अकरावीच्या फिजिक्सची गणितं कोणत्या पुस्तकातून आणि कोणत्या क्रमाने सोडवायची

जानेवारी-फेब्रुवारीत अकरावीचं पाठ्यपुस्तक संपतं आणि त्याच आठवड्यात मुलं चार-पाच जाड पुस्तकं घेऊन येतात. एप्रिलमध्ये ती पुस्तकं उघडून बघितली की प्रत्येकाची पहिली दोन प्रकरणं पेन्सिलच्या खुणांनी भरलेली दिसतात आणि पुढची पानं कोरी असतात. मुलांनी मेहनत केलेली असते. घोटाळा क्रमात असतो. कोणतं पुस्तक आधी, त्यातला कोणता भाग आधी, अडलं की उत्तर कधी बघायचं आणि पुढच्या पुस्तकाकडे कधी वळायचं, हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख महाराष्ट्र राज्य मंडळाच्या, जेईई देऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी लिहिला आहे. सीबीएसईच्या मुलांनी पहिला टप्पा चाळून पुढे जावं.

## टप्पा 1: ‘संपलं’ म्हणजे नेमकं काय संपलं ते बघा

2019 मध्ये आलेलं बालभारतीचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक आणि एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक यांत धड्यांची वाटणी वेगळी आहे. फिजिक्सच्या गणितांची बहुतेक पुस्तकं एनसीईआरटीच्या क्रमाच्या जवळ जातात. राज्य मंडळाचा विद्यार्थी ‘अकरावी झाली’ म्हणून असं पुस्तक उघडतो आणि न शिकलेल्या प्रकरणावर आपटतो.

मुख्य फरक असा. रोटेशन, द्रव, थर्मोडायनॅमिक्स, वायूंचा गतिवाद आणि दोलनं हे विषय राज्य मंडळात बारावीला येतात, एनसीईआरटीत अकरावीला. उलट विद्युतस्थितिकी, विद्युतधारा, चुंबकत्व आणि सेमीकंडक्टर यांची ओळख राज्य मंडळात अकरावीतच होते. कार्य-ऊर्जा, संवेग, टक्कर आणि वस्तुमानमध्य हे सगळं बालभारतीने ‘गतीचे नियम’ या एकाच धड्यात बसवलं आहे. गणितांच्या पुस्तकात याची तीन-चार मोठी प्रकरणं होतात, त्यामुळे तो धडा ‘झाला’ असं धरताना जपून राहा.

एक कागद घ्या आणि तीन याद्या करा. पहिल्या यादीत नीट शिकलेले विषय, दुसरीत नुसती ओळख झालेले, तिसरीत अजिबात न शिकलेले. रोटेशन तिसऱ्या यादीत येणार. गणितं सोडवायला सुरुवात पहिल्या यादीतूनच करायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीतल्या विषयाला हात घालण्याआधी एनसीईआरटीचा तो धडा वाचायचा आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं स्वतः करायची. पुस्तक ncert.nic.in वर मोफत मिळतं.

तपासणी: पहिल्या यादीतल्या प्रत्येक धड्याच्या शेवटची पाच गणितं पुस्तक मिटून सोडवा. चार बरोबर आली तर धडा खरंच झाला आहे. दोन-तीनच आली तर तो दुसऱ्या यादीत टाका. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ही यादी तुमच्याशिवाय कोणी बघणार नाही, म्हणून ती खरी करा.

## टप्पा 2: गणिताचा आठवडा

फिजिक्सचं गणित अडतं तेव्हा निम्म्या वेळा फिजिक्स येत असतं, पण कॅल्क्युलस येत नसतं. राज्य मंडळात डिफरन्सिएशन अकरावीच्या गणितात येतं, इंटिग्रेशन मात्र बारावीला. जेईईच्या पातळीच्या गणितांना इंटिग्रेशन पहिल्या महिन्यातच लागतं.

हे एक साधं गणित करून बघा. 2 किलोची वस्तू स्थिर आहे. तिच्यावर F = 6t न्यूटन असं वाढत जाणारं बल लागतं. 3 सेकंदांनंतर वेग किती?

बरीच मुलं असं करतात: t = 3 ला बल 18 न्यूटन, म्हणून त्वरण 9, म्हणून v = at = 27 मीटर प्रति सेकंद. हे चुकलं, कारण त्वरण 9 हे फक्त शेवटच्या क्षणी होतं. सुरुवातीला ते शून्य होतं. बरोबर रीत अशी: a = 3t, त्याचं इंटिग्रेशन केलं की v = 1.5t², म्हणजे 13.5 मीटर प्रति सेकंद. उत्तर चुकीच्या उत्तराच्या बरोबर निम्मं आलं.

तुमचं उत्तर 27 आलं असेल तर एक आठवडा फक्त गणिताला द्या. त्यासाठी चार गोष्टी पुरेत: व्हेक्टरचे घटक पाडणं आणि बेरीज, xⁿ, sin, cos, eˣ आणि log यांचं डिफरन्सिएशन व इंटिग्रेशन, मर्यादा घालून केलेलं इंटिग्रेशन, आणि आलेखाचा उतार व त्याखालचं क्षेत्रफळ. एच. सी. वर्मा यांच्या ‘कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’चं दुसरं प्रकरण याच कामासाठी लिहिलेलं आहे. ते ओलांडून थेट तिसऱ्यावर जाणारी मुलं पुढे महिनाभर अडखळत राहतात.

सावधान: v = u + at आणि तिची दोन भावंडं फक्त त्वरण स्थिर असतानाच चालतात. ही समीकरणं लिहिण्याआधी शेजारी ‘a स्थिर?’ असं लिहायची सवय लावा.

## टप्पा 3: मुख्य पुस्तक एकच

माझं मत ठाम आहे: अकरावीत गणितांचं मुख्य पुस्तक एकच असावं. जेईईचं लक्ष्य असलेल्या मुलासाठी मी वर्मांचं पुस्तक सुचवतो. दुसरी पुस्तकं वाईट आहेत असं नाही. या पुस्तकात भाषा साधी आहे, प्रश्न रोजच्या जगातले आहेत आणि एकाच प्रकरणात चार तऱ्हेचा सराव मिळतो, म्हणून ते आधी. डी. सी. पांडे यांच्या पुस्तकांत प्रश्नांचे प्रकार नीट वेगळे करून दिलेले आहेत. ज्याला आधी प्रकार ओळखायला शिकायचं आहे त्याने ती मुख्य म्हणून घेतली तरी चालेल. फक्त दोन्ही एकदम सुरू करू नका.

वर्मांचे दोन्ही भाग लागतील, आणि इथे राज्य मंडळाची मुलं हमखास चुकतात. ‘भाग एक अकरावीचा, भाग दोन बारावीचा’ असं दुकानदारही सांगतो. प्रत्यक्षात पहिल्या भागात 1 ते 22 प्रकरणं आहेत: यांत्रिकी, लहरी आणि प्रकाश. उष्णता दुसऱ्या भागात 23 व्या प्रकरणापासून सुरू होते. विद्युतक्षेत्र 29 व्यात आहे आणि विद्युतधारा 32 व्यात. म्हणजे तुमच्या अकरावीच्या उष्णता, विद्युतस्थितिकी आणि विद्युतधारा या धड्यांसाठी दुसरा भाग लागतोच.

सोबतीला एनसीईआरटीचं एक्झेम्प्लार ठेवा. तेही मोफत आहे आणि त्यातले प्रश्न छोटे पण संकल्पना नीट चाचपणारे आहेत.

ज्यांना फक्त एमएचटी-सीईटी द्यायची आहे त्यांच्यासाठी हिशोब वेगळा आहे. तिथे अकरावीवर साधारण 20 टक्के प्रश्न येतात आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या 100 प्रश्नांना 90 मिनिटं मिळतात. एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. अशा परीक्षेसाठी लांब गणितं महिनोन्महिने सोडवण्यापेक्षा बालभारतीची सगळी उदाहरणं, वर्मांमधली फक्त सोडवलेली उदाहरणं आणि पाठोपाठ वेळ लावून एका ओळीचे प्रश्न हा मार्ग बरा. इथून पुढचं मुख्यतः जेईईवाल्यांसाठी आहे.

प्रकरणांचा क्रम: सरळ रेषेतली आणि प्रतलातली गती, न्यूटनचे नियम, घर्षण, वर्तुळाकार गती, कार्य-ऊर्जा, वस्तुमानमध्य आणि टक्कर. मग गुरुत्वाकर्षण. इतकं झाल्यावर रोटेशन, तेही एनसीईआरटीचा धडा वाचूनच. विद्युतस्थितिकी वाट बघू शकते, कारण तिथे कार्य-ऊर्जा पुन्हा लागते. घर्षण कच्चं ठेवून रोटेशनला गेलात तर घरंगळणाऱ्या चकतीच्या पहिल्याच गणितात परत यावं लागेल.

## टप्पा 4: एक प्रकरण आतून कसं सोडवायचं

वर्मांच्या प्रत्येक प्रकरणात आधी विवेचन, मग सोडवलेली उदाहरणं, मग छोट्या उत्तरांचे प्रश्न, मग ऑब्जेक्टिव्ह एक आणि दोन, आणि शेवटी एक्सरसाइज असतात. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. बहुतेक मुलं विवेचन चाळून थेट एक्सरसाइजवर उडी मारतात आणि पाचव्या गणिताला थांबतात.

4.1 सोडवलेली उदाहरणं, पण झाकून. प्रश्न वाचा, उत्तरावर कोरा कागद ठेवा आणि आकृती काढा. दहा मिनिटं स्वतः प्रयत्न करा. अडलात तर कागद एक ओळ खाली सरकवा, पुढचं पुन्हा स्वतः करा. नुसतं वाचलेलं उदाहरण समजल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पहिली ओळही सुचत नाही.

4.2 छोट्या उत्तरांचे प्रश्न. यांना आकडे नसतात म्हणून सगळे सोडून देतात. माझ्या अनुभवात ज्या मुलाने हे प्रश्न तोंडी, कोणालातरी समजावून सांगत केले, त्याच्या एक्सरसाइजमधल्या चुका स्पष्टपणे कमी झाल्या. बहिणीला सांगा, आजीला सांगा, कोणी नसेल तर भिंतीला सांगा. उत्तर दोन पूर्ण वाक्यांत आलं पाहिजे.

4.3 ऑब्जेक्टिव्ह. ऑब्जेक्टिव्ह दोनमध्ये एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. जेईई अॅडव्हान्स्डलाही असे प्रश्न येतात. इथे प्रत्येक पर्यायासमोर बरोबर किंवा चूक लिहा आणि कारणाचे चार शब्द लिहा. ‘अ आणि क वाटतंय’ हे उत्तर नव्हे.

4.4 एक्सरसाइज, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त विषम क्रमांकाची गणितं करा. शेजारशेजारची गणितं बऱ्याचदा एकाच जातीची असतात, त्यामुळे विषम क्रमांकांत जवळजवळ सगळे प्रकार येऊन जातात. सम क्रमांकाची तीन-चार आठवड्यांनी, दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. घर्षणाच्या प्रकरणात एक्सरसाइजची साधारण तीस गणितं आहेत, रोटेशनमध्ये ऐंशीच्या वर. रोटेशन एका दमात संपवायला जाल तर पन्नासाव्या गणिताला डोकं चालणं थांबतं.

तपासणी: उत्तर थोडंसंच, साधारण दोन टक्क्यांनी चुकत असेल तर आधी g बघा. तुम्ही 10 घेतलं आहे आणि उत्तर 9.8 धरून काढलेलं असू शकतं. पद्धत बरोबर असताना अर्धा तास चूक शोधत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

## टप्पा 5: एका गणितात हे सगळं कसं दिसतं

वरचं सगळं सांगायला सोपं आहे. म्हणून घर्षणाचं एक गणित शेवटपर्यंत नेतो. हे गणित कुठल्या पुस्तकातलं नाही, पण या जातीचं गणित प्रत्येक पुस्तकात भेटेल.

गुळगुळीत फरशीवर 3 किलोची फळी आहे. तिच्यावर 2 किलोचा ठोकळा. दोघांमधला घर्षणांक 0.4. ठोकळ्याला 12 न्यूटनच्या आडव्या बलाने ओढलं. दोघांची त्वरणं किती? g = 10 घ्या.

*पहिलं काम, दोन आकृत्या.* ठोकळ्याची वेगळी, फळीची वेगळी. ठोकळ्यावर पुढे 12 न्यूटन आणि मागे घर्षण f. फळीवर पुढे फक्त घर्षण f. फळीला दुसरं कोणी ओढत नाही, घर्षणच तिला पुढे नेतं. ‘घर्षण नेहमी मागे ओढतं’ असं डोक्यात बसलेलं असेल तर ते इथेच सुटायला हवं.

*नेहमीची चूक.* बरीच मुलं लगेच f = μN लिहितात. N = 20, म्हणून f = 8 न्यूटन. मग ठोकळ्याचं त्वरण (12 − 8)/2 = 2 आणि फळीचं 8/3 = 2.67. उत्तर लिहून पुढच्या गणितावर जातात.

आता या आकड्यांकडे नीट बघा. ओढलेला ठोकळा 2 ने वेग वाढवतोय आणि घर्षणाने फरपटत नेलेली फळी 2.67 ने. ज्याच्यामुळे फळी चालते त्याच्याच पुढे ती कशी जाईल? उत्तरपत्रिका न बघता, फक्त या एका प्रश्नावरून चूक पकडता येते.

*बरोबर रीत.* 8 न्यूटन ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष घर्षण नव्हे. आधी धरून चला की दोघे एकत्र जातात. एकत्र वस्तुमान 5 किलो, म्हणून त्वरण 12/5 = 2.4. फळीला हे त्वरण द्यायला घर्षण लागेल 3 × 2.4 = 7.2 न्यूटन. हे 8 पेक्षा कमी आहे, म्हणून आपलं गृहीत टिकलं. दोघांचं त्वरण 2.4 मीटर प्रति सेकंद वर्ग आणि घर्षण 7.2 न्यूटन.

मुलं इथे वही मिटतात. खरा अभ्यास इथून सुरू होतो. गणित सुटल्यावर त्यातली एक गोष्ट बदला आणि पुन्हा सोडवा.

बल 15 न्यूटन केलं तर? एकत्र त्वरण 3, फळीला हवं असलेलं घर्षण 9. मर्यादा 8 ची, म्हणजे घसरणार. आता f = 8 लिहायचा हक्क मिळाला. ठोकळा (15 − 8)/2 = 3.5, फळी 2.67. ओढलेला पुढे, फरपटलेली मागे. जुळलं. घसरण नेमकी कुठे सुरू होते? फळीला घर्षणाने जास्तीत जास्त 8/3 त्वरण मिळतं, म्हणून बलाची सीमा 5 × 8/3 = 13.33 न्यूटन.

ठोकळ्याऐवजी फळीला ओढलं तर? आता घर्षणाने ठोकळ्याला न्यायचं आहे. त्याचं वस्तुमान 2, म्हणून कमाल त्वरण 4 आणि बलाची सीमा 5 × 4 = 20 न्यूटन. ठोकळा तोच, फळी तीच, घर्षणांकही तोच असताना सीमा 13.33 वरून 20 वर गेली. घर्षणाला 3 किलो ओढावे लागतात की 2 किलो, यावर सगळं ठरतं.

आता फरशीही खडबडीत करा. फरशी आणि फळी यांच्यातला घर्षणांक 0.1 धरा आणि ठोकळ्याला पुन्हा 12 न्यूटनने ओढा. फरशीवर दोघांचा भार 50 न्यूटन, म्हणून फरशीचं कमाल घर्षण 5 न्यूटन. एकत्र त्वरण (12 − 5)/5 = 1.4. फळीसाठी f − 5 = 3 × 1.4, म्हणजे f = 9.2. मर्यादा ओलांडली! गुळगुळीत फरशीवर 12 न्यूटनला न घसरणारा ठोकळा खडबडीत फरशीवर त्याच बलाने घसरतो. एरवी आपण उलटं सांगितलं असतं. घसरताना ठोकळ्याचं त्वरण 2 आणि फळीचं (8 − 5)/3 = 1.

एका गणिताचे चार झाले आणि या चारांत ‘एकावर एक ठोकळे’ या जातीचा गाभा आला. ही गणितं पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा स्वतः बदल करून तयार केली तर विषय हातात येतो. मात्र असे बदल प्रत्येक गणितात करू नका, वेळ पुरणार नाही. दिवसाला एकच गणित निवडा, ज्याने तुम्हाला थांबवलं असेल ते.

## टप्पा 6: अडलात तर

वर्मा असोत की कोणीही, तयार उत्तरांच्या पुस्तिका आणि व्हिडिओ एका बोटावर आहेत. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ते लगेच दिसतही नाही, कारण वही भरलेली असते. म्हणून हा नियम काटेकोर पाळा.

1. पहिल्या दिवशी 20 मिनिटं. त्यात काय दिलंय, काय काढायचंय आणि प्रत्येक वस्तूची फ्री बॉडी डायग्राम एवढं तरी कागदावर आलंच पाहिजे.
2. सुटलं नाही तर गणिताला खूण करून सोडून द्या. रात्र जाऊ द्या.
3. दुसऱ्या दिवशी 10 मिनिटं, नवीन कागदावर. कालचा कागद बघू नका, नाहीतर कालच्याच चुकीच्या वाटेवर जाल.
4. तरी अडलं तर उत्तराची फक्त पहिली ओळ बघा. पुढचं स्वतः.
5. पूर्ण उत्तर बघावंच लागलं तर वाचून पुस्तिका बंद करा आणि कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. तीन दिवसांनी आणखी एकदा.

सावधान: मित्राने किंवा सरांनी दाखवलेलं गणित ‘सुटलेलं’ धरू नका. ते पाचव्या पायरीवर आहे, म्हणून तीन दिवसांनी पुन्हा येणार.

## टप्पा 7: चुकांची वही

एक पातळ वही वेगळी ठेवा. चुकलेलं पूर्ण गणित तिच्यात उतरवू नका. तीनच ओळी लिहा: कुठे चुकलं, का चुकलं, आणि पुढच्या वेळी ते कसं ओळखायचं. वरच्या गणिताची नोंद अशी होईल:

*मर्यादा न तपासता f = μN लिहिलं. घर्षण गरजेपुरतं असतं हे विसरलो. खूण: फरपटणारी वस्तू ओढलेल्या वस्तूच्या पुढे गेली तर चूक.*

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि मुलं तीच गाळतात. ‘काळजीपूर्वक वाचायला हवं होतं’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण परीक्षेत ती कशावरून आठवणार? खूण अशी हवी की आकडा बघताच ध्यानात यावी: एकक जुळत नाही, दोरीतला ताण उणे आला, ऊर्जा आपोआप वाढली, टोकाच्या स्थितीत उत्तर विचित्र झालं.

दर रविवारी ही वही वाचा. महिन्याभरात तुमच्या चुका चार-पाच जातींच्याच आहेत हे दिसेल. कोणाच्या आकृत्याच अपुऱ्या असतात, कोणी चिन्हांत गडबडतं, कोणी प्रत्येक वेळी संवेग आणि ऊर्जा यांपैकी चुकीचं तत्त्व उचलतं. ज्या जातीच्या नोंदी सर्वांत जास्त, त्या जातीची सम क्रमांकाची गणितं पुढच्या आठवड्यात घ्या.

## टप्पा 8: दुसऱ्या पुस्तकाकडे कधी वळायचं

शाळा किंवा कॉलेज सांभाळून एका मध्यम प्रकरणाला दहा ते बारा दिवस लागतात, रोटेशनला तीन आठवडेही लागू शकतात. दोन दिवसांत प्रकरण उरकत असेल तर बहुधा तुम्ही उत्तरं वाचताय.

न्यूटनचे नियम ते टक्कर एवढी प्रकरणं झाली की जेईई मेनच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्या-त्या विषयापुरत्या काढा. पंधरा प्रश्न, 45 मिनिटं, घड्याळ समोर. मेनला बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीच्या पर्यायाला उणे 1 आहे, म्हणून सोडून दिलेले प्रश्नही मोजा. दहा किंवा जास्त बरोबर आले तर जेईई अॅडव्हान्स्डचे जुने प्रश्न घ्या. ते jeeadv.ac.in वर आहेत. सात-आठच आले तर दुसरं पुस्तक घेऊ नका, त्या प्रकरणांची सम क्रमांकाची गणितं आधी संपवा.

आणि इरोडोव. ‘प्रॉब्लेम्स इन जनरल फिजिक्स’ हे पुस्तक मुलं अकरावीच्या पहिल्या महिन्यात घेतात आणि खचतात. त्यात साधारण 1900 गणितं आहेत. शिकवणी नाही, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सूत्रांची यादी आणि मागे उत्तरं. ते विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं आहे आणि कॅल्क्युलस येतं असं धरूनच चालतं. जेईईसाठी ते पूर्ण सोडवण्याची मुळीच गरज नाही.

तरी त्याची चव घ्यायची असेल तर यांत्रिकीतलं पहिलंच गणित बघा. प्रवाहाच्या दिशेने जाणारी मोटरबोट एका तराफ्याला ओलांडते, 60 मिनिटांनी उलटी फिरते आणि ओलांडल्या जागेपासून 6 किलोमीटरवर तराफ्याला पुन्हा भेटते. प्रवाहाचा वेग किती? जमिनीवरून बघाल तर दोन अज्ञात वेग आणि समीकरणांची भरपूर खटपट. तराफ्यावर बसून बघाल तर पाणी स्थिर आहे, बोट तासभर दूर गेली, म्हणून परत यायलाही तिला तासच लागला. दोन तासांत तराफा 6 किलोमीटर वाहिला. उत्तर 3 किलोमीटर प्रति तास, तेही पेन न उचलता.

हे उत्तर वाचण्याआधी तुम्हाला तराफ्यावर जाऊन बसायचं सुचलं असेल, तर त्या भागातली आठवड्याला तीन-चार गणितं खुशाल करा. नसेल सुचलं, तर वर्मांच्या तिसऱ्या प्रकरणातली सापेक्ष वेगाची गणितं, नदी आणि होडीची, पावसाची आणि छत्रीची, पुन्हा एकदा घ्या. या वेळी प्रत्येक गणित दोनदा सोडवा: एकदा काठावर उभं राहून आणि एकदा होडीत बसून.